केंद्र हिस्सा, सन २०२३-२४

चौथ्या वर्षाचा परीक्षा फॉर्म भरायला गेले, तेव्हा कॉलेजच्या फी काउंटरवर माझ्या नावापुढे मागच्या वर्षाचे ३७,२०० रुपये बाकी निघाले. महाडीबीटीवर माझ्या लॉगिनमध्ये त्याच वर्षाच्या अर्जापुढे मात्र 'Fund Disbursed' दिसत होतं. काउंटरवरच्या सरांना मी मोबाईल दाखवला. त्यांनी तो हातात न घेताच सांगितलं, "पैसे तुझ्या खात्यात आलेत म्हणजे. आणून भर."

खात्यात ही रक्कम आलेली नव्हती. पासबुक मी त्याच आठवड्यात भरून आणलं होतं.

हे पैसे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलामुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यांची ही योजना. पूर्वी राज्य आणि केंद्र यांच्यातला हिशेब विद्यार्थ्यापर्यंत पोचत नसे. पैसे कुणाच्या तिजोरीतून निघाले याच्याशी आपल्याला कर्तव्य नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची नवी मांडणी मंजूर केली. तेव्हापासून ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे अशी वाटणी झाली. राज्याने आपला हिस्सा आधी द्यायचा, मुलांची माहिती पुढे पाठवायची आणि मग केंद्राने आपला हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात टाकायचा. त्यामुळे एकाच अर्जाचे पैसे दोन सरकारांकडून, दोन वाटांनी, वेगवेगळ्या महिन्यांत येतात. पोर्टलवर मी जे वाचत होते, ते राज्याच्या हप्त्याबद्दल होतं.

माझा हिशेब असा होता. मान्य शैक्षणिक शुल्क ६२,००० रुपये. अभियांत्रिकी पदवी पहिल्या गटात येते आणि मी घरून ये-जा करणारी, म्हणून निर्वाह भत्ता वर्षाला ७,००० रुपये. एकूण ६९,०००. त्यातला राज्याचा हिस्सा २७,६०० रुपये, तो १४ मार्च २०२४ रोजी जमा झाला होता. उरलेले ४१,४०० केंद्राचे. त्यातले ३७,२०० फीचे, जे कॉलेज मागत होतं, आणि ४,२०० भत्त्याचे, जे माझे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी विचारपूस सुरू केली. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या सरांनी सांगितलं, "आमच्याकडून अर्ज वेळेत पुढे गेलाय. आता समाजकल्याणला विचार." समाजकल्याणच्या ऑफिसात एका टेबलावरून उत्तर मिळालं, "आमच्याकडे पेंडिंग काही नाही. तुमचा बँकेचा प्रॉब्लेम असेल." गावच्या शाखेत मॅनेजर साहेबांनी स्क्रीन बघून सांगितलं, "आधार लिंक आहे. वरून पैसेच आले नाहीत, तर आम्ही कुठून देणार?" तिघेही खरं बोलत होते. म्हणूनच मी अडकले होते. एखादा जरी खोटं बोलत असता, तर निदान भांडायला जागा होती.

शिवाय २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. समाजकल्याणच्या शिष्यवृत्ती शाखेतले निम्मे लोक निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेलेले, खुर्च्यांवर बॅगाही नाहीत. दारावर कागद चिकटवलेला: 'कर्मचारी निवडणूक कर्तव्यावर'. तरी माझ्यासारखी पाच-दहा मुलं रोज व्हरांड्यात असायचीच. प्रत्येकाच्या हातात एक अर्ज, आणि प्रत्येक अर्जात जवळपास एकच वाक्य: माझी शिष्यवृत्ती अद्याप जमा झालेली नाही, तरी ती लवकरात लवकर जमा करावी ही नम्र विनंती.

मतमोजणी उरकल्यावर ऑफिस भरलं. शिष्यवृत्ती शाखेत एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. माझ्या आधी उभ्या असलेल्या मुलाचा अर्ज त्यांनी वाचला आणि परत दिला.

"यातून मी काय शोधू? सांग मला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुझं नाव टाकलं तर याच नावाची चार पोरं निघतात. कुठलं वर्ष? पहिला हप्ता, दुसरा हप्ता, का केंद्राचा? तू लिहिलंयस, पैसे आले नाहीत. मी लिहीन, कार्यवाही सुरू आहे. झालं. दोघांचंही काम संपलं."

तो मुलगा बाजूला झाला तशी मी पुढे सरकले आणि म्हटलं, "मॅडम, माझा फक्त केंद्र हिस्सा राहिलाय. तेवीस-चोवीसचा."

त्यांनी चष्मा लावला. "बस. राज्याचा कधी मिळाला?"

"चौदा मार्चला."

"कुठल्या खात्यात?"

"गावच्या बँकेत. त्यानंतर काहीच नाही."

"मग हेच लिहून आण. अर्ज क्रमांक, कॉलेजने कधी पुढे पाठवला, आम्ही कधी मंजूर केला, राज्याचे पैसे कधी आणि कुठे पडले. सगळं पोर्टलवर दिसतं तुला. आणि पैसे द्या असं लिहू नको. पाठवले का, कधी पाठवले, परत आले का आणि कशामुळे, एवढं विचार. पैसे द्यायचा अधिकार माझ्याकडे नाही, पण हे मी यादीत बघून सांगू शकते."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या सल्ल्यात होती. जिल्ह्याचं कार्यालय केंद्राचे पैसे सोडत नाही. त्याच्याकडे असते ती पाठवलेल्या आणि फसलेल्या हप्त्यांची यादी. 'पैसे जमा करा' ही मागणी त्यांच्या अधिकाराबाहेरची, त्यामुळे तिच्यावर गोल गोल उत्तर देणं सोपं जातं. 'अमुक तारखेनंतर माझ्या नावे हप्ता निघाला का?' याचं उत्तर मात्र हो किंवा नाही असंच असतं.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी पोर्टलवरचा अर्जाचा इतिहास उघडला. 'My Applied Scheme History' मध्ये टप्पे ओळीने सापडले. तिथल्या तारखा कागदावर उतरवल्या आणि मग अर्ज लिहिला. तो अजून माझ्या फायलीत आहे, पोच घेतलेली प्रत. नाव, क्रमांक वगळून इथे देते:

"प्रति, मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण.

विषय : भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, सन २०२३-२४, केंद्र हिस्सा (६० टक्के) जमा न झाल्याबाबत माहिती मिळणेबाबत.

महोदय, मी सन २०२३-२४ मध्ये अभियांत्रिकी पदवीच्या तृतीय वर्षात शिकत होते. महाडीबीटीवरील माझा अर्ज दि. २ नोव्हेंबर २०२३ रोजी सादर झाला. महाविद्यालयाने तो दि. २० डिसेंबर २०२३ रोजी पुढे पाठवला आणि आपल्या कार्यालयाने दि. १६ जानेवारी २०२४ रोजी मंजूर केला. राज्य हिस्सा रु. २७,६०० दि. १४ मार्च २०२४ रोजी माझ्या बँक खात्यात (शेवटचे चार अंक नमूद) जमा झाला. केंद्र हिस्सा रु. ४१,४०० आजपर्यंत सदर खात्यात जमा झालेला नाही. दि. १ मार्च २०२४ पासून आजपर्यंतचा खातेउतारा सोबत जोडला आहे.

तरी कृपया पुढील माहिती मिळावी : (१) माझ्या नावे केंद्र हिश्श्याचे प्रदान झाले आहे काय, असल्यास दिनांक, (२) प्रदान अयशस्वी झाले असल्यास त्याचे कारण व दिनांक, (३) त्यासाठी माझ्याकडून कोणती पूर्तता अपेक्षित आहे.

सोबत : अर्जाची छापील प्रत, खातेउतारा, गुणपत्रक, महाविद्यालयाचे ओळखपत्र."

आधारचा पूर्ण क्रमांक मी मुद्दाम लिहिला नाही, शेवटचे चार अंकच दिले. हे अर्ज टेबलावर उघडे पडलेले असतात, वाऱ्याने व्हरांड्यातही येतात. मॅडमनाही त्या चार अंकांवर काम चाललं, कारण शोधायचं होतं ते अर्ज क्रमांकावर. खातेउताऱ्याचा मात्र उपयोग झाला. नुसतं 'आले नाहीत' म्हणण्यापेक्षा मार्चपासूनच्या सगळ्या नोंदी समोर ठेवल्या की, 'नीट बघ, आले असतील' हे वाक्य बोलायची सोयच राहत नाही.

२५ नोव्हेंबरला अर्ज आवक शाखेत दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. आवक शाखेतल्या भाऊंना प्रत्येकाला शिक्का मारून द्यायचा कंटाळा होता. "टाका तिथं, जाईल आत," असं ते सगळ्यांना म्हणत. मी हललेच नाही, तेव्हा मारला.

त्याच प्रतीवर मॅडमनी यादी उघडली. भली मोठी एक्सेल. अर्ज क्रमांक टाकून शोधलं आणि त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. माझं नाव होतं. रक्कम ४१,४००. तारीख १९ सप्टेंबर २०२४. पुढच्या रकान्यात परत येण्याचं कारण: 'KYC Documents Pending'. आणि बँकेच्या रकान्यात ज्या बँकेचं नाव होतं, ती आमच्या गावची बँक नव्हतीच.

पैसे निघाले होते, एका खात्याच्या दारापर्यंत गेले होते आणि परत फिरले होते. मला त्याचा साधा मेसेजही आला नव्हता. जमा झालं की मोबाईल वाजतो. जमा होता होता परत गेलं तर तो गप्पच राहतो.

त्या बँकेचं नाव वाचलं आणि जून आठवला. तिसरं वर्ष संपल्यावर आमच्या बॅचला सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण होतं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही रुजू झालो, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये एका बँकेचा माणूस टॅबलेट घेऊन बसलेला. विद्यावेतन याच खात्यात पडणार, तेव्हा सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं. आधार क्रमांक सांगायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा, तो टॅबलेटवर खटाखट खुणा करायचा आणि खातं तयार. ओटीपीवर उघडलेलं असं खातं म्हणजे अर्धवट ओळख पटलेलं खातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाच्या आत प्रत्यक्ष ओळख पटवून केवायसी पूर्ण करावं लागतं आणि तोवर किती रक्कम जमा होऊ शकते यावरही बंधनं असतात. केवायसी करायची शाखा कारखान्याजवळ होती. आम्ही जुलैअखेर विद्यावेतन काढून घेतलं आणि गावाकडे आलो. कारखाना सुटला, खातंही सुटलं असंच सगळे धरून चालले होते.

खातं पडून होतं, त्याचं काही नाही. पण त्या टॅबलेटवरच्या खुणांमध्ये एक खूण अशी होती, जिच्यामुळे सरकारी पैसे माझ्या नावे कुठे जायचे हे बदललं.

आधारवर पाठवलेले पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत. एनपीसीआय, म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळ, त्यांच्याकडे एक नोंदवही असते, तिला मॅपर म्हणतात. त्यात प्रत्येक आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. सरकारने आधारवर रक्कम सोडली की मॅपर सांगतो ती कुठल्या बँकेकडे द्यायची, आणि ती बँक आपल्याकडचं खातं शोधून जमा करते. दुसऱ्या बँकेने तुमची संमती घेऊन मॅपरमध्ये आपलं नाव चढवलं की आधीचं नाव निघून जातं. आधीच्या बँकेला त्याने काही फरक पडत नाही. तिच्या शाखेत तुमचा आधार केवायसीचा कागद म्हणून नोंदलेला असतोच. म्हणूनच गावचे मॅनेजर साहेब स्क्रीनवर बघून 'लिंक आहे' म्हणाले आणि ते चूक नव्हते. त्यांच्या शाखेच्या नोंदीत आधार होता, मॅपरमध्ये त्यांची बँक नव्हती. या दोन वेगळ्या नोंदी आहेत. शिष्यवृत्ती, पेन्शन, अनुदान, असं आधारवर येणारं सगळं दुसऱ्या नोंदीवर चालतं.

हे तपासायला कुणाच्या टेबलासमोर उभं राहायची गरज नाही. myaadhaar.uidai.gov.in वर ओटीपीने लॉगिन करून 'Bank Seeding Status' उघडलं की बँकेचं नाव, स्थिती आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. अट एवढीच की आधारशी जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे. माझ्या स्क्रीनवर त्या दुसऱ्या बँकेचं नाव होतं, स्थिती 'Active', तारीख १२ जून २०२४.

आता तीन तारखा एका ओळीत आल्या. १४ मार्चला मॅपरमध्ये गावची बँक होती, म्हणून राज्याचा हिस्सा नीट पोचला. १२ जूनला मॅपर बदलला. १९ सप्टेंबरला केंद्राचे पैसे निघाले ते नव्या पत्त्यावर, आणि तिथलं खातं केवायसीअभावी अडकलेलं म्हणून परत फिरले. कॉलेज, समाजकल्याण आणि बँक या तिघांच्या उत्तरांत विरोध का नव्हता, हे मला त्या व्हरांड्यात उभं राहून कळलं. प्रत्येकजण आपल्याला दिसतो तेवढा तुकडा सांगत होता आणि कुणाच्याही तुकड्यात १२ जून नव्हता.

"दोन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "एक तर पुण्याला जा आणि त्या बँकेत केवायसी पूर्ण कर. नाहीतर गावच्या बँकेत परत मॅपिंग करून घे. आता पुढच्या वर्षाचेही पैसे यायचेत, तेव्हा तुला जवळची कोण ती ठरव."

मी गाव निवडलं. आणि खरी कटकट तिथेच झाली.

शाखेत मी आधारची झेरॉक्स दिली आणि मॅपिंग करायचंय म्हटलं. काउंटरवरच्या दादांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी केलं, म्हणाले, "झालं, दोन दिवसांनी बघा." दोन दिवसांनी बघितलं तर जुनीच बँक, जुनीच तारीख. मी परत गेले. त्यांनी परत केलं. परत तेच. ते मनापासून करत होते, पण शाखेच्या नोंदीत आधार पुन्हा भरत होते. तो तिथे आधीच होता. मॅपरकडे काही जातच नव्हतं.

शेवटी मी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि मोबाईलवरची स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. "साहेब, इथे बँकेचं नाव बदललं पाहिजे. केवायसीत आधार आहेच."

त्यांनी स्क्रीन दोनदा वाचली. मग कपाटातून संमतीपत्राचा छापील फॉर्म काढला. तो फॉर्म पाहिल्यावर काउंटरवर काय राहत होतं ते कळलं. त्यात पर्याय असतात. आधार कुठेच जोडलेला नसेल तर पहिल्यांदा जोडण्याचा एक. दुसऱ्या बँकेकडून इकडे वळवण्याचा दुसरा, आणि त्यात आधीच्या बँकेचं नाव भरावं लागतं. जोडणी काढून टाकण्याचा तिसरा. मला हवा होता तो वळवण्याचा. आधीच्या बँकेचं नाव मी भरलं, सही केली, साहेबांनी आपल्यासमोर नोंद करून घेतली आणि काउंटरवरच्या दादांनाही हाक मारून दाखवली. "अरे, लाडकी बहीणच्या वेळेला आपण हेच करत होतो की," दादा म्हणाले. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये शाखेबाहेर बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, ती याच कामासाठी. पण त्यातल्या बहुतेकींचा आधार कुठेच जोडलेला नव्हता, म्हणून पहिल्या पर्यायावर भागत होतं.

५ डिसेंबरला माझ्या स्क्रीनवर गावच्या बँकेचं नाव आलं. स्क्रीनशॉट काढला, त्यात तारीख नीट दिसते का ते पाहिलं आणि छापून घेतला.

इथे बरीच मुलं थांबतात, असं मॅडम सांगत होत्या. मॅपिंग झालं की पैसे आपोआप येतील असं वाटतं. पुढच्या हप्त्याचं तसं होईलही. पण फसलेला हप्ता परत निघायला त्या विद्यार्थ्याची अडचण दूर झाली आहे हे वर कळावं लागतं आणि नाव फेरप्रदानाच्या यादीत जावं लागतं. म्हणून मी ९ डिसेंबरला दुसरा अर्ज दिला, अर्ध्या पानाचा. पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक व तारीख, १९ सप्टेंबरचं फसलेलं प्रदान आणि त्याचं कारण, ५ डिसेंबरचं नवं मॅपिंग, पुरावा म्हणून छापील स्क्रीन, आणि केंद्र हिस्सा पुन्हा पाठवण्याच्या यादीत नाव घेण्याची विनंती. यावेळी विनंती योग्य टेबलाकडे होती, कारण यादीत नाव घेणं त्यांच्या हातात होतं. पैसे कधी येतील हे मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं आणि त्यांनी ते सांगितलंही नाही. "वरून लॉट निघेल तेव्हा," एवढंच.

मधल्या काळात कॉलेजचा प्रश्न होता. परीक्षा फॉर्मवर सही अडली होती. दोन्ही अर्जांच्या पोच घेऊन मी प्राचार्यांना भेटले आणि त्यांना एकच गोष्ट सांगितली: बाकी आहे ती केंद्र हिश्श्याची आहे, हप्ता १९ सप्टेंबरला निघून परत गेला आहे, आणि तो पुन्हा काढण्याचा अर्ज कार्यालयात दाखल आहे. शिक्के आणि तारखा असलेले कागद पाहिल्यावर त्यांनी हमीपत्र लिहून घेऊन सही करायला सांगितलं. तोंडी विनवण्या मी आधीही केल्या होत्या. त्यांचं काही झालं नव्हतं.

३० जानेवारी २०२५ रोजी मोबाईल वाजला. ४१,४०० जमा.

केंद्र हिश्श्यातली फी मिळाल्यापासून सात दिवसांत कॉलेजात भरायची असते, म्हणून दुसऱ्याच दिवशी गेले. काउंटरवरच्या सरांना माझे पैसे आल्याचं कळलं होतं. त्यांनी पावतीपुस्तक उघडून ४१,४०० लिहायला घेतले.

"सर, सदतीस हजार दोनशे."

"जेवढे आले तेवढे भरायचे. सगळे भरतात."

मी कागदावर मांडून दाखवलं. बासष्ट हजारांचे साठ टक्के सदतीस हजार दोनशे. उरलेले बेचाळीसशे भत्त्याचे साठ टक्के, त्यांचा फीशी संबंध नाही. आणि मुळात त्यांच्या खतावणीतच माझ्यापुढे ३७,२०० बाकी होते. त्यांनी खतावणी बघितली, पावतीवरचा आकडा खोडला, नवी पावती फाडली. 'सगळे भरतात' हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ज्यांनी सगळे भरले असतील, त्यांच्या भत्त्याचं काय झालं हे त्या काउंटरवर विचारायला कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी मी प्रशिक्षणाच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: जूनमध्ये कॅन्टीनमध्ये खातं उघडलेल्या सगळ्यांनी आपलं सीडिंग बघा, तारीख १२ जून आहे का सांगा. रात्रीपर्यंत स्क्रीनशॉट येत राहिले. सगळ्यांची बँक तीच, तारीख तीच. ज्यांना शिष्यवृत्ती नव्हती त्यांनी हसून सोडून दिलं. ओबीसीच्या एका मुलाचा भत्ता असाच परत गेला होता आणि तो अजून आपल्या बँकेशी भांडत होता. एका मैत्रिणीच्या वडिलांनी तिच्या फीसाठी व्याजाने पैसे घेतले होते, आणि तिचे पैसे सप्टेंबरपासून त्याच यादीत पडून होते. सोमवारी मी तिला घेऊन समाजकल्याणला गेले. अर्ज आम्ही आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता. माझा काढला, तारखा बदलल्या, रक्कम बदलली. मॅडमनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि थेट यादी उघडली.